पान उलटल्यानंतरचे तीन सेकंद

चित्रांचं पुस्तक मांडीवर घेऊन लेकराला वाचून दाखवताना पान उलटलं की आपण लगेच ओळ वाचत नाही. लेकरू आधी चित्रभर नजर फिरवतं, कुठंतरी बोट ठेवतं आणि मग आपल्या तोंडाकडं बघतं. तेव्हा कुठं आपण वाचायला लागतो. व्हिडिओला लेकराचं तोंड दिसत नाही. म्हणून हे थांबणं व्हिडिओ करणाऱ्यानंच आधी मोजून त्यात ठेवावं लागतं. आमच्या बारा पानांच्या पुस्तकाचा वाचनाचा व्हिडिओ करताना सगळ्यात जास्त वेळ याच कामाला गेला, आणि तो जायलाच हवा होता असं माझं मत आहे.

मी जिंतूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते. आमच्याच आवारात अंगणवाडी भरते. माझा भाचा छत्रपती संभाजीनगरला चित्रकला शिकतो. त्यानं आमच्या लेकरांसाठी एक गोष्ट रंगवून दिली. उस्मानाबादी शेळीचं काळंभोर करडू पऱ्हाटीच्या रानात मागं राहतं आणि आईच्या गळ्यातल्या घंटीच्या आवाजावरून वाट काढत येतं, एवढीच गोष्ट. मूळ पुस्तकाची प्रत एकच. ती तीस लेकरांच्या हातात फिरली असती तर महिनाभर टिकली नसती, आणि घरी आया-आज्यांच्या फोनवर गोष्ट पोहोचवायची तर व्हिडिओशिवाय दुसरा मार्ग नव्हता.

चित्रं ए-४ आकाराच्या आडव्या कार्ट्रिज कागदावर होती. फोननं फोटो काढण्याऐवजी मी ती डीटीपीच्या दुकानात स्कॅन करून घेतली, ३०० डीपीआयवर. फोटोत कागदाची एक बाजू उजळ आणि दुसरी मळकट येते. एका पानावरून दुसऱ्यावर जाताना हा फरक पटकन डोळ्यांत भरतो. दुसरं कारण झूमचं. ३०० डीपीआयला ए-४ पानाचे आडवे ३५०८ आणि उभे २४८० पिक्सेल मिळतात. व्हिडिओची चौकट १९२० बाय १०८० ची. म्हणजे पान पूर्ण उंचीत बसवलं तरी दुपटीहून जास्त जवळ जाईपर्यंत चित्र फुटत नाही. आम्हाला एवढं जवळ कधी जायचंच नव्हतं, पण हाताशी शिल्लक असली की काम निवांत होतं. ए-४ पान चौकटीपेक्षा कमी रुंद असल्यामुळं दोन्ही बाजूंना पट्टे उरतात. ते काळे न ठेवता कागदाच्याच फिक्या पिवळसर रंगाचे केले.

अडचण आली ती करडाच्या रंगाची. काळं करडू, काळी माती, आणि वर संध्याकाळ. कागदावर भाच्यानं काळ्यात निळसर, तपकिरी छटा दिल्या होत्या, पण शाळेच्या टीव्हीवर त्या एकमेकींत मिसळून गेल्या आणि करडाच्या जागी नुसता काळा गोळा दिसू लागला. स्वस्त टीव्ही आणि उन्हात धरलेला फोन दोघंही गडद छटा गिळून टाकतात. मी भाच्याला तसं कळवलं. तो म्हणाला, "मावशी, सगळं चित्र उजळ करू नकोस, संध्याकाळ निघून जाईल." मग त्यानं GIMP या चित्रांच्या सॉफ्टवेअरमधल्या Curves नं फक्त गडद भाग थोडा उजळ केला आणि करडाच्या पाठीवर, कानांच्या कडांवर मावळतीच्या उजेडाची बारीक केशरी रेघ रंगवली. चित्र तयार आहे की नाही हे आम्ही एकाच कसोटीवर ठरवत होतो. फोनचा उजेड निम्मा करायचा, फोन हातभर लांब धरायचा, आणि तरीही करडाचे कान दिसले तर पान पास.

त्यानंतर आवाज. पुष्कळ जण आधी चित्रं एकामागं एक लावतात आणि मग त्या वेळात वाचन बसवतात. मग वाचणारा धावतो तरी किंवा उगाच रेंगाळतो तरी. आम्ही आधी पूर्ण वाचन ध्वनिमुद्रित केलं आणि चित्रांना त्याच्यामागं चालायला लावलं.

वाचलं आमच्या अंगणवाडीताईंनी. लेकरांना त्यांचा आवाज रोजचा ओळखीचा. पण समोर नुसता फोन ठेवला की त्यांचा आवाज परिपाठाचा व्हायचा, सरळ आणि एका सुरात. मग त्यांच्या साडेतीन वर्षांच्या नातीला समोर बसवलं आणि चित्रांचे मूळ कागद तिच्या हाताशी दिले. त्याबरोबर ताईंचं वाचन पार बदललं. पान उलटलं की त्या आपोआप थांबायच्या, नात चित्र बघायची, "आता कुठं गेलं गं?" असं विचारायची, मग पुढची ओळ. ते मुद्रण जसंच्या तसं वापरता आलं नाही, कारण नातीचं बोलणं मध्ये मध्ये येत होतं. पण त्यातली थांबायची ठिकाणं मी घड्याळ लावून लिहून घेतली. साध्या चित्राच्या पानावर ताई दोनेक सेकंद थांबत होत्या. ज्यात पुष्कळ काही दडलंय अशा पानावर तीन ते चार. हाच तक्ता पुढं सगळ्या कामाचा आधार झाला.

भाषेचं आम्ही असं ठरवलं की निवेदन साध्या पुस्तकी मराठीत आणि करडाचं, त्याच्या आईचं बोलणं आमच्याकडचं. "माय, तू कुठं हायस?" हे करडू परभणीकडच्या लेकरासारखंच म्हणतं. ताईंना शंका होती की साहेब लोक नावं ठेवतील. मी त्यांना म्हटलं, ताई, हे ऐकणारं लेकरू घरी असंच बोलतंय, आणि त्याच्या तोंडची भाषा पुस्तकातल्या करडाच्या तोंडी आली तर गोष्ट त्याची होते. ते वाक्य ताईंनी असं म्हटलं की नात कागद सोडून त्यांना बिलगली.

मुद्रणाची जागा म्हणजे ताईंच्या घरातली वाकळींची खोली. भिंतीला लागून घडी घातलेल्या वाकळींचे ढीग असले की आवाज घुमत नाही. पंखा बंद, फ्रिज बंद, वेळ पहाटेची, ट्रॅक्टर रस्त्यावर यायच्या आत. फोन तोंडापासून वीतभर लांब, पण थेट समोर नाही, जरा बाजूला. समोर धरला की "पऱ्हाटी", "फांदी", "भूक" म्हणताना ओठांतून सुटलेला वारा माइकवर आपटतो आणि धप् असा आवाज येतो. वाचन झाल्यावर सगळ्यांनी गप्प बसून त्याच खोलीची मिनिटभराची शांतता वेगळी मुद्रित केली. ही शांतता फार कामाची असते.

ती का, ते पहिला नमुना लेकरांना दाखवल्यावर दिसलं. पान उलटल्यावर तीन सेकंद निवेदन नाही, म्हणून त्या जागी मुद्रणात काहीच नव्हतं, अगदी शून्य. मागच्या ओळीत एक जण लगेच म्हणाला, "बाई, बंद पडलं." माणसाच्या आवाजामागं खोलीची बारीक सळसळ सतत असते. ती एकदम तुटली की कानाला वाटतं यंत्रच थांबलं. सगळ्या थांब्यांखाली ती मुद्रित शांतता अंथरली आणि त्या थांब्यांना कुणी बंद पडणं म्हटलं नाही. याच शांततेचा तुकडा Audacity या आवाजाच्या सॉफ्टवेअरमधल्या Noise Reduction ला नमुना म्हणून देऊन आवाजातली खरखरही कमी केली, पण सहाच डेसिबलपर्यंत. त्याहून जास्त ओढलं की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो, आणि लहान मुलांच्या गोष्टीत तो फार परका वाटतो.

आता पाचवं पान. सगळा व्हिडिओ कसा व्हावा हे आम्हाला या एका पानानं शिकवलं. चित्रात डावीकडं खाली पऱ्हाटीच्या दोन ओळींमध्ये करडू उभं आहे. उजवीकडं वर, दूर, एक लिंबाचं झाड आणि झाडाखाली नखाएवढी शेळी. मजकूर असा: "करडू थांबलं. त्यानं कान टवकारले. लांबून आवाज आला, टुण... टुण... टुण..."

पहिल्या नमुन्यात घंटीचा आवाज आला की चित्र हळूहळू झाडाकडं जवळ जात होतं, म्हणजे शेळी मोठी होत होती. तसं करणं आम्हाला साहजिक वाटलं होतं, कारण आवाज तिथूनच येतो. पण लेकरांच्या चेहऱ्यांकडं बघितलं तर त्यांनी शोधणं सोडून दिलं होतं. करडाच्या आधी त्यांनाच आई सापडली होती, आणि तीसुद्धा त्यांनी शोधून नव्हे, आम्ही हाताला धरून नेऊन दाखवलेली. चित्रकारानं जे मुद्दाम बारीक ठेवलं ते झूमनं उघडं पाडलं. सहाव्या पानाला मग काही उरलंच नाही.

दुसऱ्या नमुन्यात झूम उलट दिशेला वळवला, करडाच्या कानांकडं. करडू ऐकतंय, तर आपणही त्याच्याजवळ जाऊन ऐकायचं. आणि झूम सुरू होण्याआधी पूर्ण पान तसंच स्थिर ठेवलं. त्या तीन सेकंदांत दोन पोरं उठून टीव्हीपर्यंत गेली आणि झाडावर बोट ठेवून ओरडली, "ती बघा शेळी!" तिथं आमचा नियम पक्का झाला: ओळीत ज्याचं नाव आहे, ज्याच्या मनात चाललंय, त्याच्याकडं जायचं, जे चित्रात लपवलंय त्याच्याकडं कधीच नाही.

पाचव्या पानाचा हिशेब शेवटी असा बसला. पहिला एक सेकंद पान उलटण्याचा. चौथ्या सेकंदापर्यंत पूर्ण चित्र, काही हालचाल नाही, फक्त खोलीची शांतता. चौथ्याला ताईंचं वाचन सुरू. "कान टवकारले" हे शब्द सहाव्या सेकंदाला येतात, तिथून झूम सुरू होऊन बाराव्यापर्यंत चित्र शंभरावरून एकशे पंधरा टक्क्यांवर जातं. पंधराव्यापर्यंत ते तिथंच थांबतं आणि घंटी तीनदा वाजते. मग तीन सेकंदांत चित्र पुन्हा पूर्ण पानावर येतं, दोन सेकंद स्थिर राहतं, आणि विसाव्याला पान उलटतं.

पुन्हा पूर्ण पानावर येणं हे अनेकांना फुकटचं वाटतं. पण पान उलटायचं तर आधी पान दिसायला पाहिजे. चित्र जवळ गेलेलं असताना कागदाच्या कडा चौकटीच्या बाहेर असतात. त्या अवस्थेत पान उलटवलं तर कागद उलटल्यासारखं वाटत नाही, चित्राचा तुकडा फाडून नेल्यासारखं वाटतं. म्हणून आमचं प्रत्येक पान पूर्ण चित्रानंच सुरू होतं आणि पूर्ण चित्रानंच संपतं. एकशे पंधराच्या पुढं आम्ही एकदाच गेलो, शेवटून दुसऱ्या पानावर, करडू आईच्या पोटाखाली शिरतं तिथं. चार पानांवर तर झूम दिलाच नाही. प्रत्येक पान हलायला लागलं की हालचालीला काही अर्थ राहत नाही, आणि लहान लेकरं चित्र बघायचं सोडून हलण्याकडंच बघत बसतात.

हे सगळं मी Kdenlive या व्हिडिओ जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं. त्यात Transform नावाचा इफेक्ट असतो. चित्र कुठून कुठं, किती मोठं, हे दोन क्षणांना खुणा लावून सांगायचं आणि मधली वाटचाल सॉफ्टवेअरवर सोपवायची. या खुणांना कीफ्रेम म्हणतात. खुणेचा प्रकार Linear ठेवला तर चित्र झटका देऊन निघतं आणि झटका देऊनच थांबतं. Smooth ठेवला की सावकाश निघतं, सावकाश थांबतं.

हळू झूमची एक खोड मात्र सांगायला पाहिजे, कारण ती मोठ्या पडद्यावर दिसते आणि फोनवर लपते. सहा सेकंदांत पंधरा टक्के म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबानं चित्राची कड प्रत्येक फ्रेमला जेमतेम एक पिक्सेल सरकते. मध्याजवळचे भाग तर त्याहूनही कमी. जिथं सॉफ्टवेअर चित्र पूर्ण पिक्सेलच्याच पावलानं हलवतं, तिथं अर्ध्या पिक्सेलची चाल कधी शून्य होते, कधी एक. मग बारीक रेघा थरथरतात. आमच्याकडं ती थरथर पऱ्हाटीच्या काटक्यांत दिसली. उपाय म्हणून पूर्ण प्रोजेक्ट ३८४० बाय २१६० चं केलं आणि शेवटी तयार व्हिडिओ १९२० बाय १०८० वर उतरवला. पाऊल दुप्पट बारीक झालं, थरथर डोळ्यांना दिसेनाशी झाली. लॅपटॉप जुना असल्यामुळं व्हिडिओ बाहेर काढायला रात्रभर लागायचा आणि त्यात मध्येच वीज गेली की बॅटरीच्या भरवशावर राहावं लागायचं, तो भाग वेगळा.

पान उलटण्यासाठी बाजारात कागद वळवणारे, चकाकणारे तयार इफेक्ट पुष्कळ आहेत. मी त्यांपैकी एकही घेतला नाही. ते इतके देखणे असतात की लेकरू पुढच्या चित्राची नाही, त्या वळणाची वाट बघतं. आम्ही साधी युक्ती केली. पुढचं पान खाली ठेवायचं, चालू पान वर. वरच्या पानाची डावी कड जागेवर धरून Transform नं त्याची रुंदी एका सेकंदात शून्यावर आणायची. उंची तशीच राहावी म्हणून लांबी-रुंदीचं प्रमाण बांधणारं कुलूप आधी काढावं लागतं. डावीकडं शिवण आहे आणि पान तिकडं मिटतंय, असं डोळा आपणहून समजतो. बाकीचं काम आवाजानं केलं. तो आम्ही खऱ्या कार्ट्रिज कागदाचाच घेतला. वहीचा पातळ कागद कुरकुरतो. जाड कागद उलटताना आधी बारीक घासल्याचा आणि शेवटी टेकल्याचा आवाज येतो. त्या टेकण्याच्या आवाजावर नवीन चित्र पूर्ण उघडलेलं असलं पाहिजे. तो पाव सेकंद जरी मागं-पुढं झाला तर कागद आणि आवाज दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लगेच कळतं.

मजकूर चित्रात न लिहिता खालच्या कडेला स्थिर ठेवला. चित्रात लिहिला तर झूमबरोबर अक्षरं मोठी होतात आणि कडेची कापली जातात. अंगणवाडीतलं लेकरू वाचत नाही, पण पहिलीतलं वाचायला धडपडतं, त्याच्यासाठी अक्षरं जागेवर थांबलेली बरी. एका वेळी एकच ओळ, चार-पाच शब्दांची, आणि ताई ते शब्द म्हणत असताना समोर. "पऱ्हाटी" मात्र पडद्यावर "पर्हाटी" अशी उमटायची, रफार डोक्यावर चढलेला. साधा र, हलन्त आणि ह असं टंकलं की बहुतेक ठिकाणी असंच होतं. खाली नुक्ता असलेला ऱ घेतला की हवं ते जोडाक्षर मिळतं. लेकरू पहिल्यांदा जो शब्द बघतं तो बरोबरच दिसला पाहिजे, म्हणून प्रत्येक ओळ ताईंकडून तपासून घेतली.

पुस्तक आमचं स्वतःचं होतं म्हणून परवानगीचा प्रश्न आला नाही. पुढं शेजारच्या शाळेतल्या बाईंनी विकत घेतलेल्या पुस्तकाचा असा व्हिडिओ करायचा विचार बोलून दाखवला, तेव्हा त्यांना मी सांगितलं की प्रत विकत घेतली म्हणून ती वाचून, चित्रांसह व्हिडिओत टाकायचा हक्क मिळत नाही. त्यासाठी प्रकाशकाची लेखी परवानगी लागते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या गोष्टी मात्र बहुतांशी CC BY 4.0 परवान्याखाली आहेत. त्यांत लेखक, चित्रकार, अनुवादक आणि प्रकाशक यांची नावं दिली, परवाना नमूद केला, आपण काय बदल केला ते सांगितलं, की वाचनाचा व्हिडिओ करता येतो. त्या बाईंनी तिथलीच एक मराठी गोष्ट निवडली.

तयार व्हिडिओ चार मिनिटांचा झाला. पहिल्यांदा तो पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर नेहमीसारखा पाठवला तर करडू पुन्हा काळा गोळा. गटावर व्हिडिओ म्हणून पाठवलं की अ‍ॅप तो दाबून लहान करतं, आणि दाबताना सगळ्यात आधी गडद छटांतला फरकच जातो. तोच व्हिडिओ डॉक्युमेंट म्हणून जोडला तर जसाच्या तसा पोहोचतो. पण मूळ फाइल पाऊणशे एमबीची, आणि आमच्याकडच्या आयांना रोजच्या डेटात ती परवडत नाही. त्यांच्यासाठी १२८० बाय ७२० ची, तीसेक एमबीची वेगळी प्रत काढली. ती काढण्याआधी स्कॅनमधले कागदाचे बारीक दाणे थोडे पुसले, कारण झूममध्ये प्रत्येक दाणा हलतो आणि फाइल उगाच फुगते. मोठी प्रत पेनड्राइव्हवर शाळेच्या टीव्हीसाठी राहिली. त्या टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये शार्पनेस शेवटपर्यंत वाढवलेला होता, त्यामुळं करडाच्या पाठीवरची केशरी रेघ दोन-दोन दिसत होती. तो शून्यावर आणला आणि रेघ एक झाली.